एक वाक्य जास्त

३ फेब्रुवारी, सोमवार

आज अकरावा दिवस. उत्तर दिलेलं नाही.

हे कुणाला सांगता येत नाही म्हणून वही काढली. एकोणीस जानेवारीला मावसबहिणीच्या पोरीचा साखरपुडा होता, कोरेगावला. तिथं माईक बंद पडला तेव्हा एक उंच, टक्कल पडत चाललेला माणूस उठला, वायर काढून पुन्हा खोचली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला. उदयसिंह. मावसबहिणीच्या दिरांचा मित्र. सैन्यातल्या बँडमध्ये वीस वर्षं सॅक्सोफोन वाजवला, आता साताऱ्यात एका शाळेचा बँड शिकवतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. हे सगळं मावसबहिणीनं न विचारता सांगितलं, म्हणजे आमचं जुळवायचं तिच्या मनात होतं. जेवताना तो समोर होता. मला म्हणाला, "ग्रुप फोटो पाठवतो, नंबर द्या." दिला.

चार दिवसांनी फोटो आला. खाली लिहिलं होतं : "सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. तुम्ही एकट्याच जिलेबीकडे."

मी मोठ्यानं हसले. मग उत्तर लिहायला बसले आणि बोटं थांबली. मी बेचाळीस वर्षांची बाई. सांगलीत हाडांच्या दवाखान्यात दिवसाला चाळीस एक्स-रे काढते, एकटीनं घर चालवते, आणि मला एका ओळीला उत्तर देता येत नाही. अकरा दिवसांत काय काय लिहून पुसलं, मोजत नाही आता. शेवटचा मसुदा असा होता : "आपण पाठविलेले छायाचित्र प्राप्त झाले. आभारी आहे."

हे मी लिहिलं? असं तर आमच्या दवाखान्याची नोटीससुद्धा बोलत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत स्वप्नालीला सांगितलं. ती आमची फिजिओथेरपिस्ट, आटपाडीकडची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण पेशंटवर ओरडताना ऐंशीची वाटते. मला वाटलं हसेल. तिनं डबा बाजूला ठेवला.

"ताई, शेवटचा असा मेसेज कवा पाठवला होता?"

"कसा?"

"आवं, असाच. मनापासून. एखाद्या माणसाला."

मी आठवू लागले. "तेरा-चौदा वर्षं झाली असतील."

"मग तुमचा हात प्लॅस्टरमधनं निघालाय असं धरा. त्याच दिवशी बादली उचलायला सांगते का मी कुणाला? आधी रबराचा चेंडू दाबायचा. हलका. दुखलं तर थांबायचं, पण बंद न्हाई करायचं."

"चेंडू म्हणजे काय इथं?"

"जिथं पणाला काही लागलेलं न्हाई अशी माणसं. त्यांना पहिला आठवडा." मग ती जरा गंभीर झाली. "बंद का पडलं होतं, ते विचारू?"

"नको," मी म्हणाले. तिनं पेन काढलं.

नियम तिनं माझ्या औषधाच्या पाकिटावर लिहून दिले. रोज तीन मेसेज. प्रत्येकात गरजेपेक्षा एक वाक्य जास्त. एकदा लिहायचं, एकदा वाचायचं, पाठवायचं, दोन मिनिटांच्या आत. पाठवलेलं पुसायचं नाही. आणि पाठवण्याआधी वहीत लिहायचं की मला काय होईल असं वाटतंय, भीती दहापैकी किती. नंतर खरं काय झालं ते.

"आणि त्यांना?" मी विचारलं.

"त्यांना आज एक साधी ओळ. अकरा दिवसांचं कारण द्यायचं न्हाई. कारण दिलं की माफीनामा होतो."

घरी येऊन पाठवलं : "फोटो बघितला. जिलेबी खरंच चांगली होती." भीती नऊ. फोन उशीखाली ठेवून भाजी निवडायला बसले.

वीस मिनिटांनी त्याचं : "मला मिळाली नाही." मग बराच वेळ वरती 'टायपिंग' दिसत राहिलं, आणि अखेरीस आलं फक्त : "बरं."

कंटाळला असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शिवणकाम करणाऱ्या सुलाबाईंना पाठवलं : "ब्लाउज मिळाला. खांद्याजवळ इतका नीट बसणारा पहिल्यांदाच मिळाला मला." काय होईल असं वाटलं : त्यांना वाटेल, या बाईला पुढच्या वेळी सवलत हवीय. भीती चार.

झालं काय : दीड मिनिटाचा आवाजी निरोप. "ताई, वीस वर्सं शिवतीया, बिघडलं की सगळी सांगत्यात. बसलं म्हणून कोन सांगत न्हाई बगा." मागं मशीनचा आवाज चालूच.

भावाला विट्याला : "आईच्या गोळ्या मिळाल्या का? तू नेतोस म्हणून मला इथं निवांत झोप लागते." भीती सहा. भावाला असलं काही कधी बोललेलेच नाही. त्याचं उत्तर : "काय झालं ग? बरी हायस न्हवं?" मग फोनच केला त्यानं. मी बरी आहे हे पटवायला दहा मिनिटं लागली. पण ठेवताना म्हणाला, "बरं वाटलं वाचून."

तिसरा राहिला.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवड्यात सतरा पाठवले. एक अंगाशी आला.

दवाखान्याच्या रुग्णवाहिकेवर ज्योतिबा आहे, पंचावन्नचा. खड्ड्यांतूनही पेशंटला न हलवता आणतो. त्याला तसं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे गुलाबाची फुलं, त्यावर 'शुभ सकाळ', तिसऱ्या दिवशी दव पडलेला गुलाब. स्वप्नालीला दाखवलं.

"हा पण व्यायामच," ती म्हणाली. "नको म्हणायचा. रागावून न्हाई, गोड करून पण न्हाई. गोड केलं की त्याला कळणारच न्हाई."

मी लिहिलं : "ज्योतिबादादा, फुलांचे फोटो मला पाठवू नका. कामाचं असेल ते जरूर कळवा." भीती आठ. वाटलं, उद्या दवाखान्यात तोंड फिरवेल.

त्याचं : "सॉरी मॅडम, यादी हाय, सगळ्यांनाच जातंय ते. तुमचं नाव काढतो." आणि आज समोर आला तर नेहमीसारखाच "व्हय मॅडम" म्हणून हसला. मी त्या गुलाबांवरून तीन रात्री नीट झोपले नव्हते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवा व्यायाम. दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे वाचलं, पण उत्तर नाही, तेव्हा मी काय काय रचते ते बघायला स्वप्नालीनं उलटं गणित घातलं. "तुमी स्वतः कुणाकुणाचं वाचून उत्तर दिलेलं न्हाई, ते शोधा. कारण लिहा."

फोन चाळला. अकरा माणसं निघाली. हात ओले होते. पेशंट टेबलावर होता. नंतर देऊ म्हटलं आणि विसरले. काय लिहावं कळेना. दोघींना तर मनात उत्तर दिलं होतं आणि तेच दिलं असं वाटत राहिलं. 'हिची किंमत नाही म्हणून' असं कारण अकरात एकदाही नाही.

हे मला कळायला बेचाळिसावं वर्ष उजाडलं.

उदयसिंहांचं (एकेरी लिहीत होते आतापर्यंत, आता बरं वाटत नाही) मधून मधून येतं. सकाळी सात दहाला, नाहीतर संध्याकाळी सात दहाला. शिस्तीचा माणूस. "आज सराव. चौदा वाद्यं, तेरा सूर." मी "छान" लिहिलं. छान काय छान? एक सूर चुकतोय म्हणाले ते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज कोंडी कुठं आहे ते सापडलं.

स्वप्नाली घरी आली होती, पोहे खायला. मी तिला सांगत होते की परवा कशी गंमत झाली : दिवसभर मी पेशंटला "श्वास रोखा" म्हणते, "सोडा" म्हणते. परवा एका आजोबांना "रोखा" म्हटलं, बटण दाबलं, तेवढ्यात फोन वाजला आणि "सोडा" म्हणायचं राहिलं. आजोबा बिचारे लालबुंद. मी धावले तर म्हणतात, "सोडू का आता?"

ती हसून हसून पोह्यांवर खोकली. मग म्हणाली, "हे लिहा त्यांना."

मी लिहिलं : "परवा रुग्णालयात एक विनोदी प्रसंग घडला."

"थांबा, थांबा! हे कोण बोलतंय?" तिनं माझा फोन ओढून घेतला. "तुमी मला असं सांगितलं का? तुमी बोलता विट्याचं आणि लिहिता पाठ्यपुस्तकाचं. आधी बोला. रेकॉर्ड करा. मग जे बोललात तेच टाइप करा."

तसं केलं. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटली, पण बोललेलं तसंच उतरवलं. "परवा एका आजोबांना श्वास रोखा म्हटलं आणि सोडा म्हणायचं विसरले. लालबुंद होऊन विचारतात, सोडू का आता?" एकदा वाचलं. पाठवलं. भीती सात.

एका मिनिटात हसण्याचे चेहरे आले. मग टायपिंग, टायपिंग. मी भांडी घासून आले तरी चालूच. अखेर : "आमच्या धंद्यात उलटं. श्वास सोडला की सूर, रोखला की शांतता. तुमचे आजोबा आमच्याकडे पाठवा."

कसं सुचतं या माणसाला इतकं पटकन.

२३ फेब्रुवारी, रविवार

हा आठवडा चांगला गेला. स्वप्नालीचे नवे नियम : त्यांच्या लांबीएवढं लिहायचं, दुप्पट नाही. 'हो-नाही'त संपेल असा प्रश्न टाळायचा. चेष्टा करायची ती गोष्टीची किंवा स्वतःची, माणसाच्या दुखऱ्या जागेची नाही. स्तुती दिसण्याची नको, केलेल्या कामाची. आणि एखादी टायपिंगची चूक मुद्दाम तशीच ठेवायची.

ती शेवटची सगळ्यात कठीण. मंगळवारी लिहिलं, "मार्केट यार्डवरून आले, आता मी, स्कूटी आणि पर्स सगळं हळदीचा वास मारतोय." 'मारतोय' नाही, 'मारतंय' हवं होतं. दिसत होतं. हात शिवशिवत होता. पाठवलं.

त्यांनी त्या चुकीचा विषय काढला नाही. विचारलं, "ओल्या हळदीचा की वाळलेल्या?" या प्रश्नावर आम्ही तीन दिवस बोललो. हळदीवरून त्यांच्या आईकडे, शालूबाईंकडे गाडी गेली. डोळ्यांनी कमी दिसतं पण हळदीला बोट लावून सांगतात म्हणे, कुठल्या गावची.

मी विचारलं, "तेरा सुरांतला चौदावा कोण?" त्यांचं उत्तर सकाळी सात दहाला : "मीच. सहा वर्षं घरी वाजवलं नाही. शाळेत शिकवतो तेवढंच. मुलांना वाटतं सर मुद्दाम वाजवत नाहीत."

यावर सल्ला द्यावासा वाटला. दिला नाही. "सहा वर्षं म्हणजे बोटांना सगळं आठवत असेल, श्वासाला नसेल," असं लिहिलं. भीती पाच.

"बरोब्बर तेच," एवढंच आलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शिडीचा व्यायाम. एकच गोष्ट चार पायऱ्यांवर लिहायची, प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा किंचित ऊबदार. ज्या पायरीला हात अडेल तिथं थांबायचं. तिच्या एक पायरी खालची पाठवायची.

पहिली : तुमचा मेसेज मिळाला.
दुसरी : तुमचा मेसेज आला की बरं वाटतं.
तिसरी : तुमचा मेसेज आला की मी आधी चहा ठेवते, मग उघडते. नुसता उघडावासा वाटत न्हाई.
चौथी लिहिली आणि वहीचं पान दुमडलं.

म्हणजे तिसरी पाठवायची. संध्याकाळी पाठवली. 'न्हाई'च ठेवलं. मी तसंच बोलते. भीती नऊ, पण पहिल्या दिवशीच्या नऊपेक्षा वेगळी. तेव्हा गार वाटलं होतं, आज कान तापलेत.

खुणा निळ्या झाल्या. टायपिंग. बंद. टायपिंग. बंद.

अकरा माणसांची यादी वाचली. हात ओले असतील.

१ मार्च, शनिवार

दोन दिवसांनी आज सकाळी आलं.

"चहाचं आईला वाचून दाखवलं. ती लय हसली."

मी फोन ठेवून दिला. दवाखान्यात गेले. एका पेशंटचा डावा गुडघा सांगितला होता, उजव्याचा काढला.

६ मार्च, गुरुवार

पाच दिवस काही लिहिलं नाही, तिकडंही आणि इथंही. त्यांचे दोन आले. "सगळं ठीक?" आणि काल, "काही चुकलं असेल तर सांगा." मी उघडले नाहीत, वरच्या वरच वाचले.

आज स्वप्नालीनं एक्स-रेच्या खोलीचं दार लावून घेतलं. पहिल्या दिवशी जे विचारू नको म्हटलं होतं ते आज आपणहून सांगितलं.

लग्नानंतर नवरा परराज्यात सोनं गाळायच्या दुकानात असायचा, आमच्याकडच्या निम्म्या घरांसारखा. मी विट्यात सासू-सासऱ्यांजवळ. रोज एक मेसेज करायचे, लांबलचक. एकदा लिहिलं, गच्चीवर वाळवणाच्या राखणीला बसलेय, तुमची आठवण आली, पापड मोजायचे विसरले. पुढच्या महिन्यात त्याच्याकडे गेले. दुकानात चहा घेऊन गेले तर भट्टीवरचा एक जण म्हणतो, "वैनी, पापड किती झालं?" सगळे हसले. नवराही. तो रोज वाचून दाखवायचा, जेवताना. सगळे मेसेज. पहिल्यापासून. मी विचारलं तर म्हणाला, "गंमत वाटती पोरांना. त्यात काय एवढं?"

त्यानंतर मी त्याला फक्त 'हो' आणि 'ठीक आहे' लिहिलं. लग्न नंतर बऱ्याच कारणांनी मोडलं, त्यांत हे कारण कागदावर कुठंच नाही.

स्वप्नाली म्हणाली, "हे आणि ते सारखं हाय का?"

"वाचून दाखवलं. हसले. अजून काय सारखं असायचं?"

"मला म्हाईत न्हाई. तुमाला पण म्हाईत न्हाई. विचारल्याशिवाय कळणार न्हाई. आणि समजा सारखंच निघालं, तरी 'माझं दुसऱ्याला वाचून दाखवू नका' हे तुमी त्या माणसाला तेव्हा म्हणाला होता का?"

नव्हते म्हणाले. कधीच. हे मला आत्ता लिहिताना टोचलं.

"गोड गोड लिहायला शिकवत होते मी," ती म्हणाली. "खरा व्यायाम हा हाय."

१० मार्च, सोमवार

चार दिवसांत सात मसुदे. पहिला अडीच पानं होता, त्यात पापडसुद्धा होते. सातवा पाच ओळींचा. काय झालं, मला काय वाटलं, मला काय हवंय. 'तुम्ही नेहमी' नाही, 'सगळे पुरुष' नाही. टोमणा नाही. इतिहास एका वाक्यात, कारण सगळा सांगायला अजून ओळख तेवढी नाही.

आज दोन मिनिटांचा नियम मोडला, दहा मिनिटं लागली. संध्याकाळी पाच वाजता पाठवला :

"इतके दिवस उत्तर दिलं नाही. तुम्ही चहाचं आईंना वाचून दाखवलंत ते वाचून मी गप्प झाले. माझं लिहिलेलं एकदा असंच चारचौघांत वाचलं गेलं होतं, ते फार लागलं होतं. तुमच्यासाठी लिहिलेलं तुमच्यापाशीच राहावं असं मला वाटतं. जमेल का?"

काय होईल असं वाटतं : म्हणतील, त्यात काय एवढं. भीती दहा.

पण एक नवीन झालं. पाठवल्यावर मी फोन लपवला नाही. टेबलावर ठेवला, उघडा, आणि शेजारी बसून शेंगा सोलल्या.

११ मार्च, मंगळवार

सकाळी सात दहा. काही नाही. दुपार. काही नाही. खुणा निळ्या आहेत कालपासून.

'हात ओले' चालत नाही आज. इतका वेळ कुणाचे हात ओले नसतात.

आणि तरी सांगायचं तर, काल रात्री नीट झोप लागली. उत्तर काहीही येवो, ते वाक्य आता माझ्या पोटात नाही.

संध्याकाळ. आलं. उतरवून ठेवते, जसंच्या तसं :

"जमेल. चुकलं माझं. आईला हसवायला वाचलं नव्हतं. दोन दिवस उत्तर सुचेना म्हणून तिला विचारलं, याला काय लिहू. ती म्हणाली, अरे त्या पोरीनं चहा ठेवला आणि तू अजून चूलच शोधतोयस. ती माझ्यावर हसली. तुमच्यावर नाही. पण तुम्हाला न विचारता वाचायला नको होतं. यापुढं सुचलं नाही तर सुचलं नाही असं लिहीन. हे लिहायलाही कालपासून बसलोय."

तीनदा वाचलं. नियम मोडून.

'सुचेना'? ज्याला श्वास आणि सूर एका झटक्यात सुचतं त्याला? उगाच मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. स्वप्नालीला दाखवायला फोन काढला आणि तसाच परत ठेवला. हे माझ्यासाठी लिहिलेलं आहे. तिला तोंडी सांगितलं फक्त, "जमेल म्हणाले."

ती म्हणाली, "दाखवा की." मी म्हणाले, "न्हाई." तिनं टाळी मागितली.

१६ मार्च, रविवार

ते सांगलीला आले होते. वाद्यांच्या दुरुस्तीचं काम आहे म्हणाले. कुठं, तर नीट सांगता येईना. हातात वाद्याची पेटी नव्हती.

कृष्णेच्या घाटावर बसलो, दुपारचे चार. नदी खाली गेलेली, पायऱ्या तापलेल्या. पहिली पंधरा मिनिटं भयंकर. इतकं लिहिणारी दोन माणसं, आणि "गाडी मिळाली का वेळेवर?" "मिळाली." "ऊन वाढलंय." "वाढलंय." ते रुमालानं कपाळ पुसत होते आणि तो रुमाल चौकोनी घडी करून खिशात, पुन्हा बाहेर, पुन्हा खिशात.

मग मीच म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही खूप बोलता."

"मी?" ते दचकले. "मी तर बोलतच न्हाई. आई म्हणते, घरात दोन मुकी हायत, एक मी आणि एक सॅक्सोफोन."

"मग लिहिता कसं इतकं?"

त्यांनी पाण्याकडं बघितलं. "सकाळी लिहिलेलं संध्याकाळी पाठवतो. संध्याकाळचं सकाळी. मधला वेळ पुसण्यात जातो."

मला हसू फुटलं. थांबेना. ते आधी ओशाळले, मग तेही हसले, आणि घाटावर धुणं वाळत घालणाऱ्या बाईनं वळून बघितलं.

त्यानंतर बोललो. त्यांच्या बायकोबद्दलही. प्रतिभा नाव होतं. तिला त्यांचं वाजवणं आवडायचं, म्हणून ती गेल्यावर घरी वाजवलं नाही. मी पापडांचं सांगितलं. ते हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मोजायचे विसरले, हे किती चांगलं लिहिलं होतं तुम्ही." तेरा वर्षांत त्या वाक्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. मला पदर डोळ्याला लावावा लागला. त्यांनी तो रुमाल पुढं केला, चौकोनी.

सहाच्या गाडीनं गेले.

२३ मार्च, रविवार

आठवडाभर एक अडचण आहे. घाटावर ते दोनदा मला चुकून 'तू' म्हणाले आणि दोन्हीदा सुधारून 'तुम्ही' केलं. तेव्हापासून मेसेजमध्ये ते दोन्ही टाळतात. "जेवण झालं?" "दवाखान्यात गर्दी होती का?" "झोप लागली?" कर्ताच नाही वाक्यात. मीपण तसंच. आमच्या भाषेत हे जमतं, किती दिवस जमतं ते बघतेय. सहा दिवस जमलं.

स्वप्नालीला विचारलं, यावर कुठला व्यायाम. ती म्हणाली, "संपलं माझं पुस्तक. हे तुमचं तुमी बघा." मला राग आला, मग बरं वाटलं.

२६ मार्च, बुधवार

आज दुपारी एका पेशंटची वाट बघत उभी होते. भीती किती, वहीत लिहायचं, नियम, काहीच आठवलं नाही. अगदी सहज टाइप केलं, जसं मनात बोलले तसं :

"रविवारी पाडवा. साताऱ्याला येऊ का? दुसरं काही काम न्हाई. तुला भेटायला."

पाठवून झाल्यावर लक्षात आलं मी काय लिहिलं. पेशंट आत आला. "छाती पुढं घ्या, श्वास रोखा," म्हणाले आणि माझाच रोखून धरला.

फोन वाजला तेव्हा पेशंट शर्टाची बटणं लावत होता. सात दहाला अजून पाच तास होते. टायपिंगसुद्धा दिसलं नव्हतं.

उघडलं. एकच अक्षर :

"ये."